पार्टिशन कुणाचं, भोकं कुणाची?

नाशिकमधल्या एका क्लासचं उदाहरण घेऊ. माणसं आणि आकडे मी समजावण्यासाठी जुळवले आहेत, पण असं भांडण आपल्याकडच्या कुठल्याही शहरात सापडेल. 28 फूट लांब आणि 25 फूट रुंद हॉल, पहिला मजला. तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, दोन लाख रुपये डिपॉझिट. क्लास चालवणाऱ्या सरांनी हॉलमध्ये प्लायवूडची दोन आडवी पार्टिशनं टाकून तीन खोल्या केल्या. एक लांब भिंत गडद निळी रंगवली, म्हणजे तिन्ही वर्गांना एकेक निळी भिंत मिळाली. फॉल्स सीलिंग केलं, दोन एसी बसवले. मालकांना फोन केला होता. ते म्हणाले होते, "करा की, जागा तुमचीच समजा."

तीन वर्षांनी क्लास मोठ्या जागेत गेला. हॉल बघायला आलेले मालक दारातच थांबले.

"सर, मला माझा हॉल जसा दिला होता तसा हवा."

"काका, अहो दोन-तीन लाख घातलेत मी यात. तुमची जागा सुधारलीच ना?"

"तुमच्यासाठी सुधारली. मला मोकळा हॉल पाहिजे. आणि त्या निळ्या भिंतीचं काय करू?"

दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. सरांना वाटतं, आपण भर घातली. काकांना वाटतं, आपल्या वस्तूची मोडतोड झाली. एकच पार्टिशन एकाच्या वहीत जमेला आणि दुसऱ्याच्या वहीत खर्चाला. कायदा मात्र 'सुधारणा झाली की बिघाड' हा प्रश्न फारसा विचारतच नाही. तो विचारतो की परवानगी कशी घेतली होती, आणि काढल्यावर जागा मूळच्या स्थितीत येते का.

सरांचा पहिला गैरसमज पैशांचा आहे. जागेवर केलेला खर्च मालकाकडून परत मिळेल, निदान तडजोडीत थोडा तरी, असं पुष्कळ भाडेकरूंना वाटतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सुधारणेचा मोबदला देणारं एक कलम आहे, 51 वं. पण ते आपण या मालमत्तेचे पूर्ण मालक आहोत असं मनापासून समजून सुधारणा करणाऱ्या माणसासाठी आहे. भाडं भरणाऱ्याला जागा दुसऱ्याची आहे हे ठाऊकच असतं, तेव्हा हे कलम त्याच्या कामाचं नाही. मोबदला करारात लिहून ठरला असेल तर मिळेल, नाहीतर मालकावर तो देण्याचं बंधन नाही.

भाडेकरूला मिळतो तो काढून नेण्याचा हक्क. याच कायद्याचं 108 वं कलम मालक आणि भाडेपट्टेदार यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या सांगतं, अर्थात करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल तेव्हा. त्यातल्या 'एच' या उपकलमाप्रमाणे भाडेपट्टेदाराने जागेला जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात, मात्र जागा जशी मिळाली होती तशी ठेवून. हा हक्क बजावण्याची वेळही ठरलेली आहे. मूळ कायद्यात हा हक्क भाडेपट्ट्याची मुदत चालू असेपर्यंतच होता. 1929 च्या दुरुस्तीने तो मुदत संपल्यावरही दिला, पण जागा ताब्यात आहे तोपर्यंतच. 'किल्ली आज देतो, एसी पुढच्या आठवड्यात नेतो' म्हणणारा भाडेकरू आपला हक्क किल्लीबरोबरच देऊन टाकतो. मग एसी मिळाला तर तो मालकाच्या चांगुलपणाने.

जमिनीला जे चिकटलं ते जमीनमालकाचं, हा जुना इंग्लिश दंडक आपल्याकडे तसाच्या तसा कधी लागू झाला नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 1866 मध्येच सांगितलं होतं की दुसऱ्याच्या जमिनीवर सचोटीने बांधणाऱ्याचं बांधकाम केवळ जमिनीला जोडलं गेलं म्हणून जमीनमालकाचं होत नाही; बांधणाऱ्याला ते काढून नेता येतं किंवा जमीनमालकाची इच्छा असेल तर त्याने भरपाई देऊन ते ठेवावं. 108 व्या कलमात याच विचाराचा धागा दिसतो.

सरांचा करार मात्र भाडेपट्टा नाही, लिव्ह अँड लायसन्स आहे. कायद्याच्या भाषेत ही जागा वापरायची परवानगी, आणि तिला सुखाधिकार कायदा लागतो, तोही 1882 चाच. त्याचं 63 वं कलम म्हणतं की परवानगी संपल्यावर जागा सोडायला आणि ठेवू दिलेलं सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. बाकी सगळं करारावर. नोंदणीच्या वेळी जे मसुदे आपण डोळे मिटून सह्या करून देतो, त्यांत बहुधा दोन वाक्यं असतात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेच्या अंतर्गत किंवा बाह्य रचनेत बदल करायचा नाही, हे एक. नेहमीच्या वापराची झीज सोडून जागा आहे त्या स्थितीत परत करायची, हे दुसरं. सरांच्या करारातही ती होती. "करा की" हे फोनवर बोललेले दोन शब्द 'लेखी' या शब्दापुढे टिकत नाहीत. काकांनी त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ लिहिली असती तर निदान दाखवायला काही असतं.

इथे एक गफलत वारंवार होते, आणि ती चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडूनही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 16 व्या कलमाखाली, भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत कायमस्वरूपी बांधकाम केलं तर मालकाला ताबा मागता येतो. पण कायमस्वरूपी बांधकामात काय धरायचं नाही याची यादी तिथेच दिली आहे, आणि ती वाचली की मुंबईच्या जुन्या चाळी डोळ्यांपुढे येतात. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला उभा ओटा, दार, जाळी, हवा येण्यासाठी उघडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धूर बाहेर टाकणारी चिमणी. जिथे लागते तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन ही कामं केली तर त्या कारणावरून घर खाली करायला लावता येत नाही.

ही यादी वाचून भाडेकरू म्हणतो, "बघा, पार्टिशन कायद्याने चालतं, मग काढायचं कशाला?" यादी सांगते ती हकालपट्टीची गोष्ट. पार्टिशन केलं म्हणून तुम्हाला बाहेर काढता येणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. स्वतःहून बाहेर पडताना ते तसंच ठेवावं की काढावं, याबद्दल ती गप्प आहे. तिथे पुन्हा करार आणि 'जशी मिळाली तशी' हाच नियम. शिवाय ही यादी पागडीसारख्या संरक्षित भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला तिचा आधार नाही.

कायमस्वरूपी कशाला म्हणायचं यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. ओम प्रकाश विरुद्ध अमर सिंग या 1987 च्या निकालात उत्तर प्रदेशातल्या एका भाडेकरूने हॉलमध्ये सहा फूट उंचीची भिंत घालून दोन भाग केले होते. भिंतीला पाया खणला नव्हता आणि ती छताला टेकली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हा वास्तूत केलेला मोठा फेरफार मानला नाही. याउलट पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात भाडेकरूने जुनं छप्पर काढून काँक्रीटचा स्लॅब टाकला, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायमस्वरूपी ठरवलं. दोन्हींत वस्तू कुठली यापेक्षा ती कशी जोडली आहे, कशासाठी केली आहे आणि वास्तूला धक्का न लावता निघते का, हे पाहिलं गेलं. विटेची भिंत म्हणजे कायमची आणि लाकडाची म्हणजे तात्पुरती, असं साधं सूत्र नाही. पण लाकूड किंवा अ‍ॅल्युमिनियम वापरणाऱ्याला आपली बाजू मांडणं सोपं जातं हे खरं.

आता सुताराकडे वळू, कारण यातली निम्मी भांडणं वकिलाच्या टेबलावर येण्याआधीच सुताराच्या हातून ठरून गेलेली असतात.

प्लायवूडच्या पार्टिशनची लाकडी चौकट खाली फरशीला, बाजूला भिंतीला आणि वर स्लॅबला स्क्रूने धरतात. जिप्समच्या पार्टिशनला फरशीवर आणि वर पत्र्याची यू आकाराची चॅनेल बसते. दोन्हीकडे ड्रिलने भोक पाडायचं, रावळप्लग ठोकायचा, स्क्रू पिळायचा. भिंतीतलं भोक पुट्टीने बुजतं आणि रंगाखाली दिसेनासं होतं. फरशीतलं भोक तसं बुजत नाही. व्हिट्रिफाइड फरशीला पांढरं सिमेंट किंवा इपॉक्सी भरलं तरी ठिपका राहतो, आणि ड्रिल जोरात दाबलं असेल तर भोकाच्या कडेला टवका गेलेला असतो. फरशी बदलायची म्हटलं तर तीन वर्षांपूर्वीची छटा दुकानात मिळत नाही. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या नव्या खोक्यातली फरशीही किंचित वेगळी दिसू शकते. तेव्हा पार्टिशन काढायला अर्धा दिवस पुरतो, पण वाद पार्टिशनचा नसतोच. तो त्याच्या खालच्या फरशीचा असतो.

जाणता सुतार हे टाळू शकतो. चौकट शक्यतो भिंती आणि छताला धरायची आणि फरशीवर नुसती टेकवून सिलिकॉनने चिकटवायची. सिलिकॉन नंतर पात्याने खरवडून निघतं. उंच किंवा दार असलेल्या पार्टिशनला खालून पकड हवीच असेल तर स्क्रू दोन फरश्यांच्या सांध्यात घ्यायचे, म्हणजे पुढे सांधा पुन्हा भरला की काम झालं. सुताराला हे काम किचकट वाटतं, मापं सांध्याशी जुळवावी लागतात. सांगितलं नाही तर तो स्क्रू जिथे सोयीचे तिथे मारतो. सरांच्या सुताराने तेच केलं. दर दोन फुटांवर एक स्क्रू, आणि फरश्या दोन बाय दोनच्या. जवळजवळ प्रत्येक फरशीत एक भोक.

एसीचं भोकही असंच. तांब्याचे पाइप बाहेर न्यायला भिंतीत साधारण अडीच-तीन इंचांचं गोल भोक पाडतात. ते विटेच्या भिंतीत असेल तर मसाला भरून बुजवता येतं. बीममध्ये किंवा कॉलममध्ये पाडलं असेल तर प्रश्न इमारतीच्या मजबुतीचा होतो आणि त्यात सोसायटीही येते. मालकाने परवानगी दिली तरी हे भोक त्याच्या परवानगीने पाडण्यासारखं नाही.

रंगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण डिपॉझिट सगळ्यात जास्त वेळा तिथेच कापलं जातं. 108 व्या कलमाच्या 'एम' उपकलमात जागा चांगल्या स्थितीत परत करण्याची जबाबदारी सांगताना वाजवी झीज वगळली आहे. पंख्याखाली काळपट झालेलं छत, उन्हाने विटलेली भिंत, खुर्चीच्या पाठीने घासलेला पट्टा, कॅलेंडरच्या दोन खिळ्यांची भोकं, ही झीज. राहणाऱ्या माणसाच्या राहण्यातून ती होतेच, आणि भाडं त्याचंच तर घेतलेलं असतं. पावसाळ्यात बाहेरून ओल येऊन फुगलेला रंग हा भाडेकरूच्या खात्यात घालण्याचा प्रकार तर साफ चुकीचा. पोराने क्रेयॉनने रंगवलेली भिंत किंवा आपल्याकडच्या गळक्या वॉशिंग मशिनने आणलेली ओल मात्र झिजेत बसत नाही. निळी भिंतही बसत नाही. ती झिजलेली नाही, बदललेली आहे.

गडद रंगावर फिका रंग देणं हे वेगळंच काम असतं. निळ्यावर थेट पांढऱ्याचा एक हात दिला तर भिंत राखी दिसते. आधी घासायची, प्रायमर द्यायचा, मग दोन, कधी तीन हात. म्हणून रंगाऱ्याचा दर अशा भिंतीला जास्त असतो, आणि तो भाडेकरूने द्यावा यात अन्याय नाही.

केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्याने भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या कामांत टाकला आहे; नुकसान भाडेकरूने केलं असेल तेवढा अपवाद. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो. शहरांत मात्र 'जाताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापू' असं कलम करारात सर्रास दिसतं. ते पटत नसेल तर सही करण्याआधी बोला. भारतीय करार कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे नुकसानीपोटी आधी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. पण एका महिन्याच्या भाड्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

आता काकांचा हिशेब. त्यांनी सरांना कागद दिला. पूर्ण हॉलची फरशी बदलायची, 700 चौरस फूट, दीडशे रुपये दराने 1,05,000. चारही भिंतींना रंग, दारं-खिडक्या वजा जाता 900 चौरस फूट, वीस रुपये दराने 18,000. एसीची भोकं 1,500. एकूण 1,24,500. दोन लाखांच्या डिपॉझिटमधले निम्म्याहून जास्त गेले.

मध्ये बसलेल्या तिऱ्हाइताने, काकांच्याच एका मित्राने, कागद एकेका ओळीने घेतला. रंगात तीन भिंती झिजेच्या. तीन वर्षांनी काकांना त्या अशाही रंगवाव्या लागल्याच असत्या. राहिली निळी भिंत, 28 फूट लांब, 10 फूट उंच, 280 चौरस फूट. प्रायमरसकट अठ्ठावीस रुपये धरले तर 7,840. एसीच्या भोकांबद्दल वाद नव्हता.

फरशीवर गाडी अडली. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. भोकं पडलेल्या फरश्या बदलल्या तर छटा जुळणार नाही, हॉलमध्ये ठिगळं दिसतील. सरांचं म्हणणंही खोटं नव्हतं. सव्वीस फरश्यांसाठी एकशे पंच्याहत्तर फरश्या का भरायच्या? तोडगा फरशीवाल्या मिस्त्रीने काढला. छटा जुळवूच नका, तो म्हणाला. पार्टिशन होतं त्या दोन ओळी पूर्ण काढा आणि तिथे मुद्दाम करड्या रंगाच्या फरश्या बसवा, म्हणजे हॉलला दोन पट्टे दिसतील, ठिगळ नाही. पंचवीस फूट रुंदीला एका ओळीत तेरा फरश्या, दोन ओळींच्या सव्वीस, एकेक बसवून सहाशे रुपयांप्रमाणे 15,600.

बेरीज 24,940. प्लायवूड आणि दोन्ही एसी सरांनी काढून नेले. फॉल्स सीलिंग काकांनी ठेवून घ्यायचं कबूल केलं आणि त्याचे पैसे दिले नाहीत. सरांना ते टोचलं, पण सीलिंग उतरवून स्लॅबची भोकं बुजवण्याचा खर्च वाचला हे त्यांनी मनात धरलं असावं. माझ्या मते हा व्यवहार बरोबर झाला.

हे सगळं तीन वर्षं आधी अर्ध्या पानात मिटलं असतं. करार करताना किंवा नंतर पुरवणी म्हणून दोन याद्या जोडायच्या. पहिलीत भाडेकरू जाताना काढून नेणार त्या वस्तू, दुसरीत जागेवरच राहणार त्या, आणि त्यांचा मोबदला नाही किंवा अमुक इतका, हे स्पष्ट. भाषा साधी चालते: 'सोबतच्या नकाशात दाखवलेली दोन पार्टिशनं करण्यास मालकाची संमती आहे. ताबा देण्यापूर्वी भाडेकरूने ती स्वखर्चाने काढावीत आणि त्यामुळे फरशी, भिंत व छताला झालेलं नुकसान भरून द्यावं. एका भिंतीचा रंग बदलण्यास संमती आहे. जाताना ती पांढरी करून द्यावी.' मालकाची सही, तारीख, आणि रिकाम्या जागेचे त्याच दिवशीचे फोटो. 'जागा मूळ स्थितीत द्यावी' एवढंच लिहून भागत नाही, कारण मूळ स्थिती काय होती हे तीन वर्षांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

मालकांनाही एक सांगणं. घर किंवा गाळा बांधताना उरलेल्या फरश्या माळ्यावर पडलेल्या असतात, त्या भंगारवाल्याला देऊ नका. दहा-बारा ठेवा. आणि भाडेकरूंनो, सुतार ड्रिल घेऊन उभा राहील तेव्हा त्याला एवढंच सांगा की स्क्रू सांध्यात घे, फरशीत नको.